नफा आहे पण पैसा नाही: गोडाऊनमध्ये अडकलेल्या ५५ दिवसांचं प्रकरण

## पार्श्वभूमी

धंदा स्पेअर पार्ट्सचा. बेअरिंग, सील, बेल्ट, कपलिंग असला माल बनवणाऱ्यांकडून घ्यायचा आणि कारखान्यांच्या मेंटेनन्सवाल्यांना विकायचा. स्वतः काही बनवत नाहीत, त्यामुळे कच्चा माल, अर्धवट झालेला माल ही भानगड नाही, गोडाऊनमध्ये जे पडलंय ते सगळं विकायलाच आणलेलं. मी त्यांच्या हिशेबात बाहेरून मदत करायला गेलो होतो. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, पण एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलंय. सगळे आकडे लाखात आहेत, चलन कुठलंही धरा, गणित तेच राहतं.

मी गेलो तेव्हा वर्षाची विक्री १२०० होती आणि विकलेल्या मालाची खरेदी किंमत ९००. दोन वर्षांपूर्वी हेच आकडे १००० आणि ७५० होते. म्हणजे विक्री २० टक्के वाढलेली, मार्जिन तेवढंच टिकलेलं, नफा-तोटा पत्रक बघितलं तर सगळं छान. तरी बँकेचं २५० चं लिमिट २४० पर्यंत वापरलेलं, पगार दोनदा चार-पाच दिवस पुढे गेलेला, आणि मालक मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "नफा होतोय असं तुम्ही सगळे सांगता, मग तो आहे कुठे?"

## अडचण नक्की कुठे होती

मालकांना खात्री होती की दोष उधारीचा आहे, गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत नाही. वसुलीला एक माणूस वाढवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि लवकर पैसे देणाऱ्याला ३ टक्के सूट द्यायचं पत्रही तयार होतं. मी एवढंच म्हटलं की पत्र एक आठवडा थांबवा, आधी दिवस मोजू.

दिवस मोजणं म्हणजे असं की माल घेण्यात गुंतलेला पैसा परत हातात यायला किती दिवस लागतात ते बघायचं. माल आला की तो काही दिवस गोडाऊनमध्ये पडून राहतो, ते झाले इन्व्हेंटरी डेज. मग विकला जातो पण पैसे काही दिवसांनी येतात, ते उधारीचे दिवस. आणि आपणही सप्लायरला लगेच पैसे देत नाही, तेवढे दिवस त्याच्या पैशावर चालतं, म्हणून ते वजा करायचे. पहिले दोन मिळवले आणि तिसरा वजा केला की कॅश कन्व्हर्जन सायकल निघते.

दोन वर्षांपूर्वी स्टॉक १९५ होता, येणी १५०, सप्लायरची देणी ९२. दिवसात बसवलं तर, म्हणजे स्टॉक आणि देणी वर्षाच्या खरेदी किमतीने आणि येणी वर्षाच्या विक्रीने भागून ३६५ ने गुणलं तर, ९५ अधिक ५५ वजा ४५, म्हणजे १०५ दिवस. आता स्टॉक ३७०, येणी १८०, देणी ९९. दिवसात १५० अधिक ५५ वजा ४०, म्हणजे १६५. सायकल ६० दिवसांनी लांबलेली, त्यातले ५५ दिवस स्टॉकचे, ५ सप्लायरचे, आणि उधारीचा वाटा शून्य. गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वी जेवढ्या दिवसांत पैसे द्यायचं तेवढ्याच दिवसांत आजही देत होतं. येण्यांचा आकडा मोठा दिसत होता तो फक्त विक्री वाढली म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती मी बऱ्याच ठिकाणी बघितलीये. त्यांच्या अकाउंटंटने इन्व्हेंटरी डेज आधीच काढले होते आणि ते ११३ आले होते, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. त्याने स्टॉकला विक्रीने भागलं होतं. पण स्टॉक खरेदी किमतीला लिहिलेला असतो आणि विक्रीत मार्जिन मिसळलेलं असतं, त्यामुळे दिवस आपोआप कमी दिसतात. भागायचं ते विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीने, तेव्हा १५० येतात. दोन्ही वर्षं एकाच पद्धतीने काढली असती तर वाढ तरी दिसली असती, पण जुन्या वर्षाचा आकडा त्याने काढलाच नव्हता.

मग पुढचा प्रश्न, की स्टॉक १९५ चा ३७० झाला त्यातला किती साहजिक आहे? धंदा वाढला तर माल जास्त लागणारच. आता रोजचा माल साधारण २.४७ चा विकला जातो, त्याला जुने ९५ दिवस लावले तर २३४ चा स्टॉक पुरला असता. म्हणजे ३९ ची वाढ धंद्याची, आणि उरलेले १३६ निव्वळ माल हळू फिरतोय म्हणून. मालक ज्याला "नफा कुठे गेला" म्हणत होते तो इथे होता, रॅकवर.

## १३६ कसे साचले

हे शोधायला जास्त वेळ गेला आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं हेच आहे, कारण कुणी मूर्खपणा केला नव्हता. प्रत्येक निर्णय त्या वेळी बरोबरच वाटेल असा होता.

साधारण ६० आले ते मुख्य सप्लायरच्या स्कीममधून. तिमाहीत ८० चा माल उचलला तर सगळ्या खरेदीवर २ टक्के, म्हणजे १.६ सुटायचे. प्रत्यक्षात विकला जायचा तिमाहीला ७० चा. म्हणून तिमाही संपत आली की परचेसवाला १० चा जास्तीचा माल मागवून टार्गेट पूर्ण करायचा. आता एका तिमाहीचं गणित केलं तर हे फायद्याचंच आहे, १० चा माल वर्षभर पडून राहिला तरी ११ टक्क्यांनी व्याज १.१ होतं आणि मिळाले १.६. गोची अशी की पुढच्या तिमाहीत परत ७० च विकतात आणि टार्गेट परत ८० चंच असतं, त्यामुळे आधीचे १० संपत नाहीत, वर आणखी १० चढतात. सहा तिमाहीत ६० चा ढीग झाला. ६० वर वर्षाचं व्याज ६.६, आणि स्कीमची वर्षाची सूट ६.४. म्हणजे ज्या टप्प्यावर मी पोचलो तिथे सूट व्याजाने खाल्लेली होती, आणि पुढची प्रत्येक तिमाही तोट्याची होती. सूट मात्र दर तिमाहीला क्रेडिट नोट म्हणून डोळ्यांसमोर यायची, व्याज बँकेच्या एका मोठ्या आकड्यात मिसळून जायचं. शिवाय याच स्कीमची अट होती ३० दिवसांत पेमेंट, तिकडचे ५ दिवस तिथेच गेले.

दुसरे साधारण ४५ सॉफ्टवेअरमधून आले. मध्यंतरी मालाची टंचाई झाली होती, ऑर्डर दिल्यावर माल यायला ३ आठवड्यांऐवजी १० आठवडे लागायला लागले, तेव्हा सगळ्या आयटमच्या रिऑर्डर लेव्हल, म्हणजे स्टॉक कितीवर आला की नवी ऑर्डर टाकायची ते आकडे, वाढवल्या. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे माल परत ३ आठवड्यांत यायला लागला पण लेव्हल कुणी खाली आणल्या नाहीत. एका सीलचं उदाहरण घेतो. रोज सरासरी ६ नग जातात. १० आठवडे म्हणजे ७० दिवसांचे ४२० आणि वर सेफ्टीला १८०, अशी लेव्हल ६०० ठेवली होती. आता २१ दिवसांना १२६ आणि सेफ्टीला ६० धरले तरी १८६ पुरतात. पण सिस्टिम ६०० च्या खाली गेलं की लाल दिवा दाखवायची, म्हणजे रॅकवर १०० दिवसांचा माल असतानाच "स्टॉक कमी" असं म्हणायची आणि परचेसवाला इमानदारीने ऑर्डर टाकायचा.

उरलेले ३१ म्हणजे १८ महिन्यांत एकही नग न विकलेला माल. काही बंद पडलेल्या मशीन मॉडेलचे पार्ट, काही एका गिऱ्हाइकाने मागितले म्हणून अख्खी पेटी आणलेले आणि त्यातले दोनच गेलेले.

## पर्याय

पहिला, बँकेचं लिमिट ७५ ने वाढवून घ्यायचं. बँक तयार होती. पण वर्षाला सव्वाआठ व्याज वाढणार आणि ढीग वाढतच राहणार होता, तेव्हा दीड-दोन वर्षांनी परत तिथेच आलो असतो.

दुसरा ते ३ टक्के सुटीचं पत्र. ५५ व्या दिवशी येणारे पैसे १० व्या दिवशी यावेत म्हणून ९७ मिळवायला ३ सोडायचे, ४५ दिवसांसाठी. वर्षाच्या हिशेबाने हे २५ टक्क्यांनी पैसा उचलण्यासारखं आहे, बँक ११ ने देत असताना. आणि उधारी हा रोगच नव्हता. मालकांनी हे पत्र स्वतःच फाडलं.

तिसरा, सप्लायरला ६० दिवसांवर न्यायचं. कागदावर ४९ सुटतात, पण त्यांचे दोन मोठे सप्लायर असे होते की उशीर झाला की पुढचा माल रोखतात.

चौथा मालकांच्या मनातला, दोन महिने खरेदी बंद. हा ऐकायला कडक आणि सरळ वाटतो, आणि खरं सांगायचं तर मीही सुरुवातीला याच्याकडे झुकलो होतो. थांबलो ते स्टॉकचे गट पाडल्यावर. एकूण २३०० आयटम. त्यातले फक्त २१० आयटम ७२ टक्के माल फिरवत होते आणि त्यांचा स्टॉक १०५ होता, म्हणजे ५९ दिवस. मधल्या ६४० आयटमचा स्टॉक १२५, २३० दिवस. शेवटच्या १४५० आयटमचा १४०, आणि दिवस ९४६, अडीच वर्षांहून जास्त. १५० ही सरासरी होती पण गोडाऊनमध्ये १५० दिवसांचा असा आयटम शोधूनच सापडला असता. खरेदी सरसकट बंद केली असती तर पहिले संपले असते ते हे २१० आयटम, ज्यांच्यावर धंदा उभा आहे, आणि ९४६ दिवसांवाले जागचे हलले नसते. स्टॉक कमी झाल्याचं दिसलं असतं, विक्रीही पडली असती.

म्हणून ठरलं की गटागटाने वेगळं वागायचं.

## काय केलं

सगळ्यात आधी रिऑर्डर लेव्हल. पहिल्या दोन गटांच्या ८५० आयटमच्या लेव्हल स्टोअरकीपर काका आणि परचेसवाला यांनी बसून नव्याने टाकल्या, त्याला तीन आठवडे गेले. शेवटच्या गटाच्या लेव्हल शून्य केल्या, म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि ३० टक्के ॲडव्हान्स असल्याशिवाय त्यातलं काही मागवायचं नाही.

मग सप्लायर. तिमाहीचं टार्गेट सोडून वर्षाचं २९० चं टार्गेट आणि दीड टक्का सूट, असं मागितलं. दीड महिना ओढाताण झाली पण मिळालं. वर्षाला २८० विकतच होते, म्हणजे कमी पडायचे ते अख्ख्या वर्षात फक्त १०, त्यामुळे टार्गेटसाठी दर तिमाहीला ढीग लावायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या महिन्यात आम्ही आपटलो. वेगाने जाणाऱ्या २१० पैकी १४ आयटम संपले आणि एका मोठ्या कारखान्याने तीन आठवडे दुसरीकडून माल घेतला. कारण शोधलं तर चूक माझी होती. मी लेव्हल काढताना माल यायचा सरासरी वेळ २१ दिवस धरला होता. पण या आयटमना कधी १४ दिवस लागायचे, कधी ३५. सरासरीवर लेव्हल ठेवली की ३५ दिवस लागतील त्या वेळी सेफ्टीचा छोटा साठा पुरत नाही, रॅक रिकामा होणारच. मग या गटापुरती लेव्हल गेल्या वर्षातल्या सगळ्यात उशिरा आलेल्या डिलिव्हरीवर काढली. त्याने या गटाचा स्टॉक वाढला, ५९ चे ६६ दिवस झाले. मालक म्हणाले, "कमी करायला आलात आणि वाढवताय?" पण पैसा मोकळा करायचा होता तो दुसऱ्या दोन गटांतून, आणि इथे सात दिवस जास्त ठेवणं हे विकत घेतलेलं संरक्षण होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खरी कसोटी आली. स्टॉक ३७० चा ३३० झाला होता, ४० कमी. बँकेत मात्र फरक पडला १३ चा. मालक चिडले, आणि त्यांचं चिडणं मी समजू शकतो. झालं असं की खरेदी कमी केली की सप्लायरची देणी पण कमी होतात, जुनी बिलं भागवत जातो आणि नवी तेवढी येत नाहीत. देणी ९९ वरून ७२ वर आली होती, म्हणजे स्टॉकमधून सुटलेल्या ४० पैकी २७ जुन्या बिलांना गेले. स्टॉक उतरवताना पहिले दोन-तीन महिने हे होणारच. खरेदी परत विक्रीच्या पातळीला आली की देणीही परत वर येतात आणि तेव्हा पैसा दिसायला लागतो. हे मला माहीत होतं, पण मी आधी सांगितलं नव्हतं.

राहिला ३१ चा डेड स्टॉक. हा निर्णय चार महिने अडून बसला होता, पाचव्यात झाला. मालकांचं म्हणणं होतं की खरेदीच्या खाली विकलं तर नफा कमी दिसेल. ते खरंच आहे, दिसेल. पण अकाउंटिंगचा नियमच असा आहे की स्टॉक हा खरेदी किंमत किंवा खर्च वजा जाता मिळू शकणारी विक्री किंमत, यातली जी कमी असेल तिला दाखवायचा. म्हणजे तोटा आधीच झालेला होता, फक्त लिहिला नव्हता. शेवटी १२ चा माल सप्लायरने १० टक्के कापून परत घेतला, ११ चा दुसऱ्या डीलरला ४० टक्के कमीने गेला, आणि ८ चा भंगारात, त्याचा १ आला. एकूण १२.६ चा तोटा लिहिला गेला.

## दहा महिन्यांनंतर

तोवर विक्री थोडी वाढली होती, दिवस त्या नव्या आकड्यांवर काढलेत. स्टॉक २६०, १०२ दिवस. येणी १९४, ५७ दिवस, म्हणजे उधारी जरा सैल झालीये आणि ते मला आवडलेलं नाही, सगळ्यांचं लक्ष गोडाऊनकडे होतं. देणी ९७, ३८ दिवस. सायकल १६५ वरून १२१ वर.

स्टॉक ११० ने उतरला पण मोकळा झालेला पैसा ११० नाही, हे मालकांना नीट लिहून दिलं. त्यातले १२.६ तोट्यात गेले, १४ वाढलेल्या उधारीत अडकले, २ देणी कमी झाल्यात गेले. हातात आले ८१ च्या आसपास. त्यातले ७५ बँकेच्या लिमिटमध्ये भरले, २४० चा वापर १६५ वर आला, वर्षाचं व्याज सव्वाआठने कमी. गंमत म्हणजे जेवढं लिमिट बँक वाढवून देणार होती तेवढंच रॅकवरून निघालं. पगार परत वेळेवर होतायत.

एक जपून बघायची गोष्ट. हे दिवस आम्ही आता महिनाअखेरच्या स्टॉकवर काढत नाही, कारण मोठी खेप २९ तारखेला आली की १ तारखेला आली यावरच आकडा दहा-दहा दिवस हलतो. तीन महिन्यांच्या स्टॉकची सरासरी घेतो, आणि तीनही गटांची वेगळी.

## आता परत केलं तर वेगळं काय करेन

पहिल्या दिवशी महिन्यामहिन्याचा तक्ता करून दाखवेन, की स्टॉक एवढा उतरेल, देणी एवढी उतरेल, आणि पैसा कधी दिसेल. तिसऱ्या महिन्यात मालकांनी सगळं गुंडाळायचं ठरवलं होतं आणि ते फक्त एका जुन्या ओळखीवर टिकलं, तक्ता असता तर तशी वेळच आली नसती.

डेड स्टॉकचा निर्णय सुरुवातीलाच ओढून घेईन. त्यातले काही पार्ट ज्या मशीनचे होते ती मशीनं चालवणारा एक कारखाना आम्ही ठरवेपर्यंत नव्या मशीनवर गेला, आधी विचारलं असतं तर तो माल निदान खरेदी किमतीला तरी गेला असता.

आणि परचेसवाल्याचं बक्षीस. त्याला वर्षाअखेर जे मिळायचं ते "किती सूट मिळवली" यावर मिळायचं. मग तो टार्गेटमागे धावला तर त्याला दोष कसा द्यायचा? आम्ही हे नवव्या महिन्यात बदललं, आता निम्मं सुटीवर आणि निम्मं मधल्या गटाच्या दिवसांवर आहे. हे पहिल्या महिन्यात व्हायला हवं होतं, कारण मधल्या काळात त्याने दोनदा जुन्या सवयीने जास्तीचा माल मागवला आणि दोन्ही वेळा तो आल्यावरच कळलं.

शेवटच्या गटात अजून ६९ पडून आहेत, ४५० दिवसांचे. त्यातला कुठला माल महिन्याला एखादा का होईना जातोय आणि कुठला पुढच्या वर्षी त्या ३१ सारखा होणार, याची यादी स्टोअरकीपर काका करतायत, दर शनिवारी दोन रॅक.